केरभरणी ब्यूनेवर टांगली आहे

स्टुटगार्टच्या पश्चिम भागातलं एक जुनं, पाच मजली घर. सांगलीचा अनिकेत तिथे तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आला आहे. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून परततो तर दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली, आणि पाटीमागे दुमडलेला कागद. अक्षर टपोरं, शाईच्या पेनाचं. जर्मन अगदी शुद्ध.

चिठ्ठीचा मजकूर असा: नमस्कार. या आठवड्याची केरवोखे तुमच्याकडे आहे. कुटरशाउफेल आता तळघरात नसते, ती ब्यूनेवर टांगली आहे. काम झालं की कृपया परत तिथेच लावा. खाली सही, हेबर्ले, पहिला मजला.

अनिकेत आणि फ्राऊ हेबर्ले ही पात्रं माझी आहेत आणि गोष्ट रचलेली आहे. पण असं घर, असे शब्द आणि पुढचा घोटाळा स्टुटगार्टमध्ये कोणत्याही आठवड्यात घडू शकतो. 1968 पासून हे शहर मुंबईचं भगिनी शहर आहे, आणि मोटारी व यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यांमध्ये मराठी इंजिनिअर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. ते येतात ते पुण्यात-मुंबईत शिकलेलं प्रमाण जर्मन घेऊन. त्या जर्मनला पहिला धक्का बसतो तो बहुधा कार्यालयात नाही, जिन्यात.

केरवोखे हा शब्द अनिकेतला आल्या आल्याच पाठ झाला होता. त्यातला ‘केर’ म्हणजे झाडणं आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. मराठीतल्या केराशी त्याचं साम्य निव्वळ योगायोगाचं, पण लक्षात ठेवायला सोयीचं. घरातल्या कुटुंबांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना आणि सामायिक जागा झाडायची, ही श्वाबन प्रांताची जुनी रीत आहे. आपल्या दारापुढचा जिना आणि त्याखालचा टप्पा म्हणजे ‘लहान’ केरवोखे. पदपथ, अंगण, तळघराची वाट म्हणजे ‘मोठी’. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आठवडा संपला की त्याने ती पुढच्या दारावर लावायची. 1714 मध्ये स्टुटगार्टमध्ये रस्ते साफ ठेवण्याचा लेखी हुकूम निघाला होता. शहराने आठवड्याची सक्ती 1988 मध्ये उठवली; भाडेकरारांमधून मात्र ती अजून नांदते आहे, आणि शेजाऱ्यांच्या नजरेतूनही.

तेव्हा काम काय आहे हे कळलं होतं. अडलं ते कुटरशाउफेलपाशी.

जर्मन जोडशब्द उलगडायची एक खात्रीची रीत आहे, आणि अनिकेतने ती नीट वापरली. जोडशब्दाचं शेवटचं पद मुख्य असतं. वस्तू काय आहे ते तेच सांगतं आणि शब्दाचं लिंगही तेच ठरवतं. आधीची पदं फक्त ती वस्तू कसली, कशासाठी, ते सांगतात. इथे शेवटचं पद शाउफेल, म्हणजे फावडं किंवा खोरं. ठीक. मग ‘कुटर’ काय? फोनवरच्या शब्दकोशात दोन अर्थ निघाले. पहिला, एका डोलकाठीचं लहान गलबत, मासेमारीचं. दुसरा, सॉसेज करणाऱ्यांचं मांस बारीक कापायचं यंत्र. स्टुटगार्टपासून समुद्र शेकडो किलोमीटरवर, आणि जिना झाडायला मांस कापायच्या यंत्राचा काय संबंध?

इथे त्याने कोश बाजूला ठेवला आणि प्रसंगाचा विचार केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. जिना झाडायचा आहे. त्यासाठी एक खोरं लागणार आहे. ते टांगता येतं. म्हणजे ते हातात मावेल एवढं, मुठीला भोक असलेलं असणार. झाडून गोळा केलेलं ज्यात भरतात ती वस्तू. कुटर म्हणजे केर असला पाहिजे. आणि ते तसंच आहे. श्वेबिश बोलीत कुटर म्हणजे केरकचरा, कुटरआयमर म्हणजे केराची बादली, कुटरशाउफेल म्हणजे केर भरायची सुपली. पुण्यातल्या घरांत हिलाच केरभरणी म्हणतात. दोन्ही शब्दांची बांधणी सारखीच आहे. गलबताचा ‘कुटर’ इंग्रजीतून आलेला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोन वेगळे शब्द लिहिताना एकसारखे झाले एवढंच.

शनिवारी सकाळी तो समाधानाने खाली उतरला. आता ब्यूने शोधायचं, आणि तो शब्द तर त्याला येत होता.

खरी अडचण इथे सुरू होते. प्रमाण जर्मनमध्ये ब्यूने म्हणजे रंगमंच. भाषेच्या पहिल्या-दुसऱ्या परीक्षेतच हा शब्द भेटतो. अनिकेतला तो आणखी एका अंगाने माहीत होता, कामाच्या. गॅरेजमध्ये गाडी वर उचलून धरणाऱ्या यंत्राला हेबेब्यूने म्हणतात. उंचावर काम करणाऱ्यासाठी जो फलाट उभा करतात ती आर्बाइट्सब्यूने. इंजिनिअरच्या कानाला ब्यूने म्हणजे जमिनीपासून उचललेला, सपाट, वजन पेलणारा फलाट. घराच्या मागच्या अंगणात पूर्वी एक छोटा कारखाना होता, आणि त्याच्या दारापुढे माल चढवायचा सिमेंटचा ओटा अजून शाबूत होता. अनिकेत सरळ तिकडे गेला. ओट्याखाली पाहिलं, बाजूच्या भिंतीवरचे खिळे पाहिले, सायकलींच्या छपरात पाहिलं. सुपली नव्हती. शेवटी जिना झाडून केर एका जाड पुठ्ठ्यावर भरला आणि बादलीत टाकला.

दुपारी फ्राऊ हेबर्ले जिन्यात भेटल्या. केर भरायला सुपली मिळाली का, असं त्यांनी विचारलं. उच्चार ‘कुडर’ असा मऊ. त्या भागात ट आणि प असे कठोर वर्ण बोलताना ड-ब कडे झुकतात, लिहिताना मात्र परत कठोर होतात. तो म्हणाला, ब्यूने सापडलं नाही. बाईंना कळेना. “अहो, ब्यूने तर ब्यूनेच्या जागीच आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी बोट वर केलं.

पाचव्या मजल्याच्या टप्प्यावर एक अरुंद लाकडी दार होतं. त्यामागे उभट जिना. वर गेल्यावर कौलांखालची लांबलचक जागा, लाकडी पट्ट्यांच्या जाळ्यांनी पाडलेले कप्पे, दर बिऱ्हाडाला एक. दोन भिंतींमध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. दाराशेजारच्या खिळ्याला सुपली आणि तिचा छोटा झाडू. श्वाबनमध्ये ब्यूने म्हणजे हा माळा. आणि तळमजल्यावर परतल्यावर अनिकेतने भाडेकरार काढून पाहिला, तर त्यातही ‘ब्यूनेनराउम’ हा शब्द होता: माळ्यावरचा त्याच्या वाट्याचा कप्पा, ज्याचं भाडं तो पहिल्या महिन्यापासून देत होता.

दोन शब्दांपैकी जो पूर्ण अनोळखी होता त्याने अनिकेतला थांबवलं, विचार करायला लावलं, आणि तो सुटला. जो ओळखीचा वाटला त्याने त्याला थांबवलंच नाही. बोलीमुळे परक्या माणसाची जी फसगत होते तिचं हे नेमकं रूप आहे, आणि ती का होते हे समजायचं तर लिहिणाऱ्या बाईंच्या बाजूने पाहावं लागतं.

फ्राऊ हेबर्लेंनी चिठ्ठी मुद्दाम शुद्ध लिहिली होती. परदेशी शेजारी, त्याला कळावं म्हणून. घरी त्या ‘इस्ट’ला ‘इश’ म्हणतात, ‘निख्ट’ला ‘नेट’, घराला लाडाने ‘होयस्ले’. यातलं काहीही चिठ्ठीत नव्हतं, कारण ही आपली बोली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शाळेत त्यावर लाल रेघा पडल्या, उत्तरेकडच्या लोकांनी त्याची नक्कल केली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने तर 1999 पासून आपल्या जाहिरातीतच सांगितलं की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. म्हणजे बोली लपवायची गोष्ट नाही हे तिथे मान्य आहे. पण अभिमान असो की संकोच, दोन्ही त्याच खुणांबद्दल असतात ज्या जाणवतात: उच्चार, छोटी अव्ययं, शब्दाच्या शेवटचं ‘-ले’.

‘ब्यूने’ जाणवत नाही. तो शब्द प्रमाण जर्मनमध्येही आहे, स्पेलिंग तेच, लिंग तेच. शाळेत त्याखाली कधी रेघ पडली नाही. घरांच्या स्थानिक जाहिरातींत तो छापून येतो, करारात येतो. मग तो बोलीतला आहे असा संशय येणार तरी कुठून? भाषा अभ्यासकांना हे चांगलं माहीत आहे की प्रमाण भाषेत लिहिताना माणूस बोलीच्या ठळक खुणा गाळतो आणि न जाणवणाऱ्या खुणा जशाच्या तशा राहून जातात. त्यामुळे नीट लिहिलेल्या चिठ्ठीत उरते ती सगळ्यात बेमालूम बोली. वेडंवाकडं स्पेलिंग असतं तर अनिकेत सावध झाला असता.

आणि फ्राऊ हेबर्लेंचा शब्द बिघडलेलाही नाही. मध्ययुगातल्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ फळ्यांची उंचावरची जमीन, तक्तपोशी, वरची खोली असा होता. त्या फळ्यांवरून एक फाटा नाटकाच्या मंचाकडे गेला आणि प्रमाण भाषेत तोच मुख्य होऊन बसला. दुसरा घराच्या कौलांखाली राहिला. म्हणजे माळ्याचा अर्थ मंचाच्या अर्थापासून फुटलेला नाही, उलट जुन्या अर्थाला तोच जवळचा आहे. मराठी वाचकाला हे समजायला कठीण जाऊ नये. शेतात पाखरं राखायला फळ्या बांधून उभारतात तो माळा, घरात छपराखाली असतो तो माळा, आणि मुंबईत ‘चौथा माळा’ म्हणजे सरळ चौथा मजला. सांगलीहून मुंबईला पहिल्यांदा आलेल्या मुलाला कुणी “दुसऱ्या माळ्यावर ये” म्हटलं तर तो छपराकडे बघेल.

जर्मनीत माळ्याचे शब्द प्रदेशागणिक बदलतात. प्रमाण शब्द डाखबोडन. म्युनिककडे आणि ऱ्हाइनच्या बाजूला श्पायखर ऐकू येतो, श्वाबनमध्ये ब्यूने. स्वित्झर्लंडमध्ये एस्ट्रिख म्हणतात, आणि जर्मनीतल्या गवंड्याला एस्ट्रिख म्हटलं तर तो फरशीखालचा सिमेंटचा थर समजेल. बांधकामाच्या कागदांवर काम करणाऱ्यांनी हा एक शब्द तरी सीमा ओलांडताना तपासून घ्यावा.

असा शब्द ओळखायचा कसा? अर्थ वाक्यात बसतो पण जागेत बसत नाही, ही पहिली खूण. ‘सुपली मंचावर टांगली आहे’ या वाक्यात व्याकरणाची काहीच चूक नाही. घरात मंच नाही, एवढीच अडचण. अशा वेळी मोठा कोश उघडून शब्दाच्या शेवटच्या अर्थांपर्यंत वाचत जावं. छोट्या कोशात पहिले एक-दोन अर्थ असतात. मोठ्या जर्मन कोशात पुढे ‘लांडशाफ्टलिख’, म्हणजे प्रादेशिक, किंवा दक्षिण जर्मन, श्वेबिश असा शेरा मारलेला अर्थ सापडतो. ब्यूनेचा माळा तिथेच दडलेला असतो. श्वेबिशपुरतं पाहायचं तर ट्युबिंगनच्या हेरमान फिशर यांनी उभा केलेला श्वेबिश शब्दकोश आहे. तो 1904 ते 1936 या काळात खंडाखंडांनी छापला गेला. फिशर 1920 मध्ये वारले आणि उरलेलं काम पुढच्यांनी पुरं केलं. रोजच्या वापरातल्या शब्दांसाठी मात्र नकाशे जास्त कामाचे. श्टेफान एल्सपास आणि रोबर्ट म्योलर हे दोन अभ्यासक 2003 पासून लोकांना एकच साधा प्रश्न विचारत आले आहेत: तुमच्या गावात या वस्तूला सहसा काय म्हणतात? उत्तरांचे रंगीत ठिपके नकाशावर उमटतात.

जर्मन भाषेला या नकाशांचा छंद जुना आहे. गेओर्ग वेन्कर यांनी 1876 मध्ये ऱ्हाइन प्रदेशातल्या शाळामास्तरांना साध्या वाक्यांची यादी पाठवली आणि ती गावच्या बोलीत लिहून मागितली. पुढे यादी चाळीस वाक्यांची झाली आणि ती साऱ्या जर्मन साम्राज्यातल्या चाळीस हजारांहून अधिक शाळांपर्यंत पोहोचली. दोन बोलींमध्ये शेताच्या बांधासारखी एक स्पष्ट रेघ मिळेल अशी वेन्करांची अपेक्षा होती. मिळालं ते निराळंच: दर शब्दाची हद्द थोडी वेगळी जाते. कुणी एका शब्दात उत्तरेचा आणि दुसऱ्यात दक्षिणेचा. शिवाय वेन्करांची वाक्यं उच्चार आणि रूपं पकडायला चांगली होती, घरातल्या वस्तूंची नावं पकडायला अपुरी. म्हणून वाल्टर मिट्स्का यांनी 1939 पासून दोनशे शब्दांची वेगळी प्रश्नावली फिरवली, आणि त्यातून शब्दांचा नकाशासंग्रह तयार झाला. उच्चार आणि शब्द वेगवेगळे मोजावे लागतात हे तेव्हापासून या शास्त्राच्या अंगवळणी पडलेलं आहे. अनिकेतची फसगतही उच्चारात नव्हती, शब्दात होती.

घरात अशा शब्दाने फार तर पुठ्ठ्यावर केर भरावा लागतो. कारखान्यात तसं नसतं. काही आठवड्यांनी जोडणीच्या टेबलापाशी एका जुन्या कारागिराने अनिकेतच्या हातात लोखंडी आधारपट्टी दिली, स्वतः बोल्ट घ्यायला वाकला आणि म्हणाला, “हेब माल.” प्रमाण जर्मनमध्ये हेबन म्हणजे उचलणं. हेबेब्यूनेमधलं हेबे तेच. अनिकेतने पट्टी उचलली, आणि भोकं जुळवून ठेवलेली सगळी जागेवरून सरकली. श्वेबिशमध्ये हेबन म्हणजे धरून ठेवणं. उचल म्हणायचं असेल तर तिथे लुप्फन म्हणतात. “धर जरा” आणि “उचल जरा” यांतला फरक यंत्राखाली हात असताना किती मोठा असतो ते सांगायला नको. त्या दिवसानंतर अनिकेत अशा वेळी हातातली वस्तू न हलवता प्रमाण भाषेतला शब्द उच्चारून विचारतो, “हाल्टन?” कारागीर मान डोलावतो. एका शब्दाचा उलट प्रश्न, पण काम थांबत नाही आणि चूक होत नाही.

त्याच कुळातले आणखी काही शब्द त्याने वहीत उतरवले. टेपिख, जो प्रमाण भाषेत गालिचा, तो इथे पांघरायची घोंगडीही असू शकतो. फूस म्हणजे पाऊल, पण श्वेबिश म्हातारा डॉक्टरकडे ‘फूस दुखतो’ म्हणाला तर दुखणं पावलापासून कमरेपर्यंत कुठेही असेल. लाउफन, म्हणजे पळणं, इथे साधं चालणं. वहीत त्याने अनोळखी शब्द लिहिलेच नाहीत. ते कधीही विचारता येतात.

मग हिवाळ्याच्या तोंडावर जिन्यात सगळ्यांसाठी एक चिठ्ठी लागली. हीटरचे मीटर वाचायला माणूस मंगळवारी सकाळी ‘ड्रायफिर्टल आख्ट’ला येणार होता. शब्दशः तीन-चतुर्थांश आठ. चौथ्या मजल्यावर हॅम्बुर्गहून आलेली एक बाई राहते. ती जर्मन असूनही गोंधळली, कारण तिच्याकडे ‘आठाला पाव कमी’ अशी वेळ सांगतात आणि हा दक्षिणेचा व पूर्वेचा प्रकार तिच्या कानावरचा नाही. आठ वाजून पंचेचाळीस की काय, असं तिने अनिकेतला विचारलं. त्याला क्षणभरही लागला नाही. आठवा तास तीन पाव भरला, म्हणजे पावणेआठ. मराठी घड्याळ इथे श्वेबिश घड्याळाशी तंतोतंत जुळतं.

पुढच्या खेपेला मीटरवाला ‘फिर्टल आख्ट’ला येणार होता. पाव आणि आठ. अनिकेतच्या मनाने लगेच सव्वाआठ धरलं, जसं कुठल्याही मराठी मनाने धरलं असतं. पण मराठीतला सव्वा मागच्या पूर्ण तासावर चढतो, आणि श्वेबिश पाव पुढच्या तासातून मोजला जातो: आठव्या तासाचा पहिला पाव. दार उघडून तो पहिल्या मजल्यावर गेला आणि फ्राऊ हेबर्लेंना घड्याळावर बोट ठेवून दाखवायला सांगितलं. त्यांनी काटा दाखवला. सव्वासात.